कार्डावरचे अनबिल्ड व्यवहार: बिलात न दिसलेली खरेदी असते कुठे आणि भरायची कधी?

पहिलं क्रेडिट कार्ड घेतल्यावर एकदोन महिन्यांत हा गोंधळ ठरलेला. ईमेलवर आलेल्या बिलात देय रक्कम १८,३५० रुपये असते. बँकेचं ॲप उघडलं तर तिथे एकूण थकबाकी ४०,०९० रुपये दिसते. वापरायला उरलेली मर्यादा बघावी तर ती या दोन्ही आकड्यांशी जुळत नाही. मग प्रश्न पडतात. बिल चुकलंय का? शनिवारी घेतलेल्या साडीचे पैसे बँक लावायला विसरली का? आणि खरे भरायचे किती, १८ हजार की ४० हजार?

यातलं काहीच चुकलेलं नाही. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मधला फरक बहुतेक वेळा 'अनबिल्ड' व्यवहारांचा असतो, म्हणजे कार्डावर खर्च झालाय पण अजून कुठल्याही बिलात आलेला नाही असे व्यवहार. खाली एकाच कार्डाचा एक महिना घेऊन हे पायरीपायरीने बघू. हातात तुमचं शेवटचं बिल आणि मोबाइलवर बँकेचं ॲप उघडं ठेवलंत तर वाचता वाचताच ताडून बघता येईल.

पायरी १: बिलावरच्या दोन तारखा शोधा

बिलाच्या पहिल्या पानावर वरच्या भागातच दोन तारखा असतात. एक स्टेटमेंटची तारीख, म्हणजे बिल बनलं तो दिवस. दुसरी पेमेंटची ड्यू डेट, म्हणजे पैसे भरायचा शेवटचा दिवस. नवीन माणसाचं सगळं लक्ष दुसऱ्या तारखेकडे असतं, कारण दंड तिच्याशी जोडलेला असतो. पण अनबिल्डचा सगळा खेळ पहिल्या तारखेवर चालतो.

आपल्या उदाहरणातल्या कार्डाची मर्यादा एक लाख रुपये आहे. बिल दर महिन्याच्या १८ तारखेला बनतं आणि त्यानंतर २० दिवसांनी भरायचं असतं. म्हणजे १८ ऑक्टोबरच्या बिलात १९ सप्टेंबर ते १८ ऑक्टोबर या काळात खात्यावर चढलेले व्यवहार आले आणि ते पैसे ७ नोव्हेंबरपर्यंत भरायचे. तुमच्या कार्डाच्या तारखा वेगळ्या असतील, अंतरही दोनचार दिवसांनी इकडेतिकडे असेल, पण रचना हीच.

विजेच्या मीटरचं रीडिंग घेऊन गेल्यावर त्याच संध्याकाळी तुम्ही गीझर लावलात, तर ते युनिट या महिन्याच्या बिलात येत नाहीत. बिल घरी पोचेपर्यंत मीटर आणखी पुढे गेलेला असतो, तरी बिलावर रीडिंगच्या दिवसाचाच आकडा छापलेला असतो. कार्डाच्या बिलाची तारीख म्हणजे हे रीडिंग. १८ ऑक्टोबरला आकडा एकदा गोठला की ७ नोव्हेंबरपर्यंत तुम्ही कितीही खरेदी केलीत तरी त्या बिलाची देय रक्कम वाढत नाही. नवी खरेदी पुढच्या रीडिंगची, म्हणजे १८ नोव्हेंबरची, वाट बघत अनबिल्डच्या यादीत थांबते.

पायरी २: ॲपमधले चार आकडे वेगळे करा

प्रत्येक बँकेच्या ॲपमध्ये शब्द थोडे बदलतात, पण आकडे हेच असतात. 'टोटल अमाउंट ड्यू' म्हणजे शेवटच्या बिलाची पूर्ण रक्कम. 'अनबिल्ड' म्हणजे त्या बिलानंतर खात्यावर चढलेली रक्कम. 'करंट आउटस्टँडिंग' किंवा 'टोटल आउटस्टँडिंग' म्हणजे या दोघांची बेरीज, आजच्या घडीला तुम्ही बँकेचे एकूण किती देणं लागता ते. आणि 'अव्हेलेबल लिमिट' म्हणजे आणखी किती खर्च करता येईल.

आपल्या कार्डावर २५ ऑक्टोबरला ॲप उघडलं तेव्हा चित्र असं होतं. बिलाची रक्कम १८,३५०. अनबिल्ड २१,७४०. दोघांची बेरीज ४०,०९०, आणि तीच एकूण थकबाकी म्हणून दिसत होती. इथपर्यंत हिशेब सरळ आहे.

पण एक लाखातून ४०,०९० वजा केले तर ५९,९१० उरायला हवेत. ॲप मात्र ५७,४१० दाखवत होतं. हे मधले २,५०० रुपये कुठे गेले? इथेच बरेच जण अडकतात, कारण हे पैसे बिलात नाहीत आणि अनबिल्डमध्येही नाहीत. ते तिसऱ्याच अवस्थेत आहेत, आणि ती समजली की बाकी सगळं उलगडतं.

पायरी ३: स्वाइप केल्यापासून व्यवहार चढेपर्यंत काय होतं ते बघा

दुकानात कार्ड मशिनला लावलं, पिन टाकला, पावती निघाली आणि मोबाइलवर मेसेज आला. आपल्या दृष्टीने व्यवहार संपला. बँकेच्या दृष्टीने मात्र तेव्हा फक्त मंजुरी दिलेली असते. म्हणजे 'या ग्राहकाची एवढी मर्यादा शिल्लक आहे, तुमचे पैसे मिळतील' एवढंच तुमच्या बँकेने दुकानदाराच्या बँकेला कळवलेलं असतं, आणि तेवढी रक्कम तुमच्या मर्यादेतून बाजूला काढून ठेवलेली असते. याला होल्ड म्हणतात. काही ॲपमध्ये हे व्यवहार 'पेंडिंग' म्हणून वेगळे दिसतात, काहींमध्ये दिसतच नाहीत, नुसती मर्यादा कमी झालेली दिसते.

पुढचा टप्पा दुकानदाराच्या बाजूने होतो. तो दिवसाच्या शेवटी मशिनवर सेटलमेंट करतो, म्हणजे दिवसभराचे सगळे व्यवहार एकत्र आपल्या बँकेकडे पाठवतो. तिथून ते व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या जाळ्यातून तुमच्या बँकेकडे येतात आणि मग तुमच्या खात्यावर चढतात. याला पोस्टिंग म्हणतात. साधारणपणे एकदोन दिवस जातात. मध्ये सुट्टी आली किंवा दुकानदाराने सेटलमेंट उशिरा केलं तर जास्तही. व्यवहार पोस्ट झाला की तो होल्डमधून निघतो आणि अनबिल्डच्या यादीत बसतो.

म्हणजे प्रत्येक खरेदीचा प्रवास असा: आधी होल्ड, मग अनबिल्ड, मग बिल. आपल्या उदाहरणातले ते २,५०० रुपये महाबळेश्वरच्या एका हॉटेलने खोली देताना अनामत म्हणून अडवलेले होते. खोली सोडताना हॉटेलने खरं बिल लावलं की तेवढंच पोस्ट होईल आणि होल्ड सुटेल. हॉटेलने काहीच लावलं नाही तर काही दिवसांनी होल्ड आपोआप गळून पडेल आणि मर्यादा पूर्ववत होईल. होल्डचे पैसे कधीच बिलात येत नाहीत. येते ती पोस्ट झालेली रक्कम. परदेशी चलनातल्या खरेदीत तर मेसेजमध्ये आलेला रुपयांचा आकडा आणि शेवटी पोस्ट झालेला आकडा यांत फरक पडतो, कारण मधल्या काळात विनिमय दर बदलू शकतो आणि बँकेचा मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहाराचं तिचं शुल्क, आणि त्यावरचा जीएसटी वर लागतो.

पायरी ४: अनबिल्डची यादी ओळीनुसार वाचा

आता आपल्या कार्डाची २१,७४० रुपयांची यादी उघडू. त्यात चार ओळी आहेत:

- १७ ऑक्टोबर, साडीचं दुकान, ६,४०० रुपये
- २१ ऑक्टोबर, विमानाचं तिकीट, ८,९०० रुपये
- २२ ऑक्टोबर, किराणा, ३,२४० रुपये
- २४ ऑक्टोबर, बूट, ३,२०० रुपये

खालच्या तीन ओळी समजायला सोप्या आहेत. त्या १८ तारखेनंतरच्या आहेत, त्यामुळे १८ ऑक्टोबरच्या बिलात त्या असणं शक्यच नव्हतं. पण पहिल्या ओळीजवळ थांबा. साडी १७ तारखेला घेतली, बिल १८ ला बनलं, मग ६,४०० रुपये बिलात का नाहीत?

माझ्या मावसबहिणीने मला हाच प्रश्न विचारला होता. "दादा, हे पैसे बँकेने माफ केले की विसरली?" माफही नाही आणि विसरलीही नाही. १७ तारीख शनिवार होती. दुकानदाराचं सेटलमेंट होऊन व्यवहार तिच्या खात्यावर चढला तो १९ तारखेला, म्हणजे बिल बनून गेल्यावर. बिल बनवताना बँक खात्यावर काय चढलंय ते बघते. रस्त्यात असलेला व्यवहार तिच्या हिशेबात नसतो. म्हणून बिलाच्या तारखेच्या आधीच्या दोनतीन दिवसांतली खरेदी कधी या बिलात येते, कधी पुढच्या. तो फरक दुकानदाराच्या मशिनवर ठरतो, तुमच्या हातात नसतो.

याची खूण तुमच्या जुन्या बिलातही सापडेल. बिलातल्या व्यवहारांची पहिली तारीख बघा. बिलाचा काळ १९ सप्टेंबरपासून असला तरी एखादी ओळ १६ किंवा १७ सप्टेंबरची दिसू शकते. बहुतेक बिलांत खरेदीची तारीख छापतात, चढल्याची नाही, म्हणून असं दिसतं. उद्या १८ नोव्हेंबरचं बिल येईल तेव्हा साडीची ओळ त्यात १७ ऑक्टोबर या तारखेनेच येईल. ती बघून 'हे तर मागच्या महिन्यातलं, दोनदा लावलं' असं समजून तक्रार करायला जाऊ नका. आधी मागचं बिल काढून ती ओळ तिथे नव्हती ना, एवढं तपासा.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर या यादीत चहाचे ४० आणि भाजीचे १२० अशा बारीक ओळींची रांग लागते. त्या बचत खात्यातून गेल्या असा समज होतो, कारण पैसे नेहमीसारखेच क्यूआर स्कॅन करून दिलेले असतात. यादी लांबली की नजर पटकन खाली सरकते, म्हणून अशा कार्डाची यादी आठवड्यातून एकदा तरी बघावी असं मला वाटतं. महिन्याच्या शेवटी शंभर ओळींतून अनोळखी ओळ शोधणं फार अवघड जातं.

पायरी ५: ७ नोव्हेंबरपर्यंत नेमके किती भरायचे ते ठरवा

उत्तर एकच: बिलावरची पूर्ण देय रक्कम, १८,३५० रुपये. तेवढे भरले की व्याज नाही, दंड नाही. अनबिल्डचे २१,७४० रुपये १८ नोव्हेंबरच्या बिलात येतील आणि त्याची शेवटची तारीख असेल ८ डिसेंबर. २१ ऑक्टोबरला काढलेल्या विमानाच्या तिकिटाला अशी ४८ दिवसांची बिनव्याजी सवलत मिळते. तेच तिकीट १८ ऑक्टोबरला काढलं असतं आणि त्याच दिवशी खात्यावर चढलं असतं, तर फक्त २० दिवस मिळाले असते. कार्डाच्या जाहिरातीत 'जास्तीत जास्त ५० दिवस' वगैरे लिहितात, ते आकडे इथून येतात: बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला सर्वांत जास्त वेळ मिळतो.

४०,०९० भरले तर काही बिघडतं का? नाही. जास्तीचे पैसे अनबिल्ड व्यवहारांपोटी जमा राहतात, मर्यादा मोकळी होते आणि पुढचं बिल तेवढं कमी येतं. मोठी खरेदी करायची आहे आणि मर्यादा अपुरी पडतेय, अशा वेळी हे उपयोगाचं आहे. पण घाई म्हणून किंवा भीतीपोटी ते करायची गरज नाही. महिन्याचा पगार तोलूनमापून वापरणाऱ्या माणसाने ४० हजारांचा आकडा बघून घाबरून सगळे पैसे भरले आणि मग घरभाड्याला उधारी केली, तर त्या सवलतीचा अर्थच राहत नाही.

ऑटो डेबिट लावलं असेल तर बचत खात्यातून शेवटच्या बिलाचीच रक्कम वळती होते, अनबिल्डला ते हात लावत नाही. फक्त ते 'पूर्ण रक्कम' यावर लावलंय की 'मिनिमम', म्हणजे बिलावर छापलेल्या किमान रकमेवर, हे एकदा उघडून बघा. आणि ड्यू डेटच्या आदल्या दिवशी हाताने पैसे भरू नका. डेबिटची सूचना आधीच निघालेली असेल तर रक्कम दोनदा जाऊ शकते.

आणखी एक घोटाळा इथेच होतो, तो बिल बनण्याआधी भरलेल्या पैशांचा. समजा तुम्ही १६ ऑक्टोबरला ५,००० रुपये भरले होते. ते १८ तारखेच्या बिलात जमा बाजूला येऊन गेलेले असतात. १८,३५० हा आकडा ते वजा करूनच निघालेला असतो. 'पाच हजार आधीच दिलेत, आता १३,३५० भरतो' असं केलंत तर पाच हजार रुपये कमी पडतील. बिलाच्या तारखेनंतर जे भरलं तेवढंच त्या बिलापोटी धरायचं.

पायरी ६: थोडे कमी भरले तर अनबिल्डचं काय होतं

हा भाग सावकाश वाचा, कारण खरं नुकसान इथे होतं आणि ते कुणी आधी सांगत नाही. बिनव्याजी सवलत ही मागचं बिल पूर्ण भरल्याचं बक्षीस असते. मागच्या बिलातले थोडे जरी पैसे ड्यू डेटनंतर बाकी राहिले, तर नव्या खरेदीवरची सवलतही जाते. म्हणजे जे व्यवहार अजून बिलातसुद्धा आलेले नाहीत, त्यांच्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज धावायला लागतं.

आपल्याच कार्डावर बघू. समजा १८,३५० ऐवजी १५,००० भरले. 'साडेतीन हजारांच्या आतच तर बाकी आहे' असं वाटतं. व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के धरू, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. अनेक कार्डांचा दर या आसपास असतो. २१ ऑक्टोबरच्या ८,९०० रुपयांच्या तिकिटाला १८ नोव्हेंबरपर्यंत २८ दिवस होतात. ८,९०० चे ४२ टक्के ३,७३८, त्याला २८ ने गुणून ३६५ ने भागलं की सुमारे २८७ रुपये. हे एका ओळीचं झालं. साडीच्या ६,४०० ला, १७ ऑक्टोबरपासून ३२ दिवस धरून, साधारण २३६. किराणा आणि बुटांचे मिळून १९३ च्या आसपास. चारही ओळींवर मिळून सातशेहून जास्त रुपये व्याज, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. जुन्या बिलातल्या खरेदीवरचं व्याज यात अजून धरलेलंच नाही. बाकी ठेवले होते ३,३५० रुपये.

म्हणून 'मिनिमम अमाउंट ड्यू' या आकड्याकडे फार जपून बघा. तो भरला की लेट फी टळते आणि खातं थकीत दाखवलं जात नाही, एवढाच त्याचा उपयोग. व्याज थांबत नाही. महिना अडचणीचा असेल आणि पूर्ण भरणं शक्यच नसेल, तर निदान त्या कार्डावर नवी खरेदी थांबवा. कारण सवलत गेलेल्या कार्डावर अनबिल्डची प्रत्येक नवी ओळ पहिल्या दिवसापासून व्याज खाते.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने काढलेल्या रोख रकमेला तर ही सवलत मुळातच नसते. ती ओळ अनबिल्डमध्ये शांत बसलेली दिसते, पण व्याज काढल्या दिवसापासून चालू असतं, शिवाय काढण्याचं शुल्क वेगळं.

पायरी ७: परतावा आणि ईएमआय यांची ओळ वेगळी वाचा

समजा १० ऑक्टोबरला घेतलेली २,१५० रुपयांची वस्तू तुम्ही परत केली. ती खरेदी १८ ऑक्टोबरच्या बिलात आहे. परतावा २६ ऑक्टोबरला कार्डावर जमा झाला, म्हणून तो अनबिल्डच्या यादीत जमा बाजूला दिसतो. बिलाची पीडीएफ मात्र बदलत नाही, त्यात १८,३५० च राहणार. मग भरायचे किती?

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, ड्यू डेटच्या आधी आलेला असा परतावा, त्या बिलाचे पैसे अजून भरलेले नसतील तर, बँकेने लगेच देय रकमेतून वजा करायचा आणि ग्राहकाला तसं कळवायचं आहे. तेव्हा आधी ॲपमध्ये उरलेली देय रक्कम १६,२०० झालीय का ते बघा, बँकेचा मेसेज आलाय का ते बघा. झाली असेल तर तेवढेच भरा. आकडा १८,३५० च दिसत असेल आणि तारीख तोंडावर आली असेल, तर माझा सल्ला पूर्ण १८,३५० भरण्याचा. जास्त गेलेले २,१५० कुठे जात नाहीत, ते तुमच्याच खात्यावर जमा राहून पुढच्या बिलातून वजा होतात. कमी भरून नंतर बँकेशी 'परतावा धरायला हवा होता' असं भांडत बसण्यापेक्षा हे बरं. तक्रार करायचीच असेल तर ती पैसे भरून झाल्यावरही करता येते.

ईएमआयचा हिशेब आणखी वेगळा. ३०,००० रुपयांचा मोबाइल सहा हप्त्यांवर घेतला, तर उरलेलं सगळं मुद्दल तुमच्या मर्यादेतून अडवलेलं असतं, पण बिलात दर महिन्याला फक्त त्या महिन्याचा हप्ता, त्यातलं व्याज आणि त्यावरचा जीएसटी येतो. पुढचे हप्ते अनबिल्डच्या साध्या यादीत बहुधा दिसत नाहीत. ॲपमध्ये ईएमआय किंवा लोन अशा वेगळ्या टॅबखाली असतात. तुमच्या कार्डाची मर्यादा बिल, अनबिल्ड आणि होल्ड धरूनही जुळत नसेल, तर ही टॅब उघडून बघा. फरक बहुतेक तिथेच सापडतो.

पायरी ८: मेसेज, यादी आणि बिल जुळवून बघा

हे काम बिल आल्याच्या दिवशी पंधरा मिनिटांत होतं. मागच्या बिलापासूनचे खर्चाचे मेसेज वर काढा. प्रत्येक मेसेजची रक्कम बिलात शोधा. बिलात नसेल तर अनबिल्डमध्ये शोधा. दोन्हीकडे नसेल तर तो व्यवहार अजून होल्डवर आहे किंवा रद्द झालाय. आठवडाभराने पुन्हा बघा. ऑनलाइन ऑर्डर रद्द केल्यावर बऱ्याचदा असं होतं: मेसेज आलेला असतो, पण ओळ कुठेच येत नाही, कारण विक्रेत्याने पैसे मागितलेच नाहीत.

याच्या उलट, अनबिल्डमध्ये अशी ओळ दिसली जिचा मेसेज नाही आणि जी आठवतही नाही, तर लगेच जागे व्हा. आधी नाव नीट वाचा. दुकानाच्या पाटीवर एक नाव असतं आणि मशीन मालकाच्या फर्मच्या नावावर असतं, त्यामुळे ओळखीची खरेदीही अनोळखी वाटू शकते. रक्कम आणि तारखेवरून आठवून बघा. तरीही लागत नसेल तर बिलाची वाट बघू नका. ॲपमधून कार्ड ब्लॉक करा, कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवरही कळवा. तक्रारीला जितका उशीर, तितका नुकसानीचा वाटा ग्राहकाच्या अंगावर येण्याची शक्यता वाढते. व्यवहार अजून होल्डवर असेल तर बँक कधी कधी 'पोस्ट झाल्यावर डिस्प्यूट घेऊ' म्हणते. तसं म्हटलं तरी कार्ड त्याच क्षणी ब्लॉक करून घ्या आणि फोन केल्याची नोंद ठेवा.

बिलाची तारीख सोयीची नसेल तर

काहींचा पगार महिन्याच्या शेवटी होतो आणि ड्यू डेट २५ तारखेच्या आसपास येते. दर महिन्याला ओढाताण. अशा वेळी बिलाची तारीख बदलून मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२४ च्या दुरुस्तीनंतर बँकेने ही मुभा किमान एकदा द्यायलाच हवी. अर्ज ॲपमधून, फोनवरून किंवा ईमेलने करता येतो. तारीख बदलल्यावरचं पहिलं बिल मात्र नेहमीपेक्षा कमी किंवा जास्त दिवसांचं असतं, त्यामुळे अनबिल्डची यादी त्या महिन्यात वेगळीच वाटेल. दोन बिलांच्या तारखा शेजारी ठेवून बघा, मग घोळ होत नाही.

कार्ड बंद करताना

एरवी अनबिल्डची काळजी पुढच्या बिलावर सोडता येते, पण कार्ड बंद करायचं असेल तर नाही. शेवटच्या बिलाचे पैसे भरले म्हणजे खातं कोरं झालं असं समजून लोक कार्ड कापून टाकतात. दोन महिन्यांनी साडेतीनशे रुपयांची अनबिल्ड ओळ बिल बनून येते, ईमेल कुणी बघत नाही, आणि त्यावर लेट फी आणि व्याज चढत राहतं.

म्हणून बंद करण्याच्या दोन आठवडे आधीपासून ते कार्ड वापरणं थांबवा. ओटीटी, विमा, मोबाइल रिचार्ज असं जे काही त्या कार्डावरून दरमहा आपोआप कापलं जातं ते दुसरीकडे वळवा. सगळे होल्ड सुटलेत आणि सगळे परतावे जमा झालेत हे बघा. मग 'टोटल अमाउंट ड्यू' नाही, तर 'करंट आउटस्टँडिंग' शून्य करा. ईएमआय चालू असेल तर त्याचं उरलेलं मुद्दल आणि मुदतीआधी फेडण्याचं शुल्क बँकेकडून विचारून घेऊन तेही भरा. त्यानंतर बंद करण्याची विनंती लेखी पाठवा. काहीही थकबाकी नसेल तर बँकेने कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिला ग्राहकाला द्यावे लागतात. आणि 'थकबाकी नाही' हे सिद्ध करायला उपयोगी पडतो तो त्या दिवशीचा ॲपचा स्क्रीनशॉट, ज्यात अनबिल्डची यादी रिकामी आणि आउटस्टँडिंग शून्य दिसतं.